वाटूर फाटा आणि वऱ्हाडची सरहद्द : सीमा रेषा कधी होते, पट्टा कधी होतो?

१/ जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर लागते. फाट्यावर एसटी थांबते, चहाच्या टपऱ्या आहेत आणि दिशादर्शक फलकावर गावांची नावे आहेत. मंठ्यावरून पुढे लोणारच्या दिशेने गेले की थोड्याच अंतरावर जालना जिल्हा संपून बुलढाणा जिल्हा सुरू होतो. बसमधील प्रवाशाला तो क्षण जाणवतही नाही. माती तीच, पिके तीच, बोलीत फरक पडलाच तर हेलाचा. मात्र या भागातील जुनी माणसे अजूनही अलीकडच्या मुलुखाला ‘मोगलाई’ आणि पलीकडच्या मुलुखाला ‘वऱ्हाड’ म्हणतात. आज केवळ जिल्ह्याची असलेली ही हद्द एके काळी दोन राज्यांना विभागत होती. त्याहीपूर्वी तेथे हद्दच नव्हती.

२/ सीमाप्रश्नाच्या अभ्यासात दोन कल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक आहे सरहद्दीचा पट्टा. हा रुंद प्रदेश असतो, त्यात दोन सत्तांचे हक्क एकमेकांत मिसळलेले असतात आणि बळ ज्याचे वाढेल त्याच्या बाजूने तो पट्टा सरकतो. दुसरी कल्पना सीमारेषेची. तिला लांबी असते, रुंदी नसते. ती तहाने ठरते, कागदावर उतरते आणि दोन्ही बाजूंनी मान्य करावी लागते. एखादा प्रदेश यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा ठरतो : येथील शेतकरी सारा कोणाला देतो? उत्तरात एकच नाव आले तर जवळपास कोठेतरी रेषा आहे. दोन नावे आली तर तो पट्टा आहे.

३/ अठराव्या शतकातील वऱ्हाडात या प्रश्नाला दोन नावांचे उत्तर मिळत असे. १७१९ मध्ये छत्रपती शाहूंना दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याची बादशाही सनद मिळाली. चौथाई म्हणजे महसुलाचे शंभरात पंचवीस आणि सरदेशमुखी म्हणजे शंभरात दहा. पुढे पाचच वर्षांनी, ऑक्टोबर १७२४ मध्ये, निजाम-उल्-मुल्कने साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आपली स्वतंत्र सत्ता उभी केली. साखरखेर्डे आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाच्या परिसरात आहे. हैदराबादच्या राज्याचा पाया ज्या रणात घातला गेला, ते रण हैदराबादपासून दूर, याच पट्ट्यात होते.

४/ त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे वऱ्हाडात दोन अंमल नांदले. मुलुख निजामाचा म्हणवला जाई, परंतु नागपूरकर भोसल्यांचे कमाविसदार आपला हिस्सा उचलत. कागदावर वाटणी ठरलेली असली तरी प्रत्यक्षातील हिस्सा त्या वर्षी कोणाचे घोडदळ जवळ आहे यावर अवलंबून असे. नकाशावर ही स्थिती दाखवायची झाली तर रेघ ओढता येणार नाही, दोन रंग एकमेकांत मिसळावे लागतील. रयतेच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. एका पिकावर दोन सरकारांचा डोळा असे आणि दोघांपैकी एकही सरकार संरक्षणाची पूर्ण जबाबदारी घेत नसे.

५/ या पट्ट्याच्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर आहे. खानदेशाच्या बाजूने तो उभा चढतो आणि दक्षिणेकडे पठारावर सावकाश उतरत जातो. नकाशा पाहणाऱ्याला वाटते, निजामाला निसर्गानेच तटबंदी दिली. १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात या समजुतीची परीक्षा झाली. इंग्रजांशी युद्ध सुरू झाल्यावर दौलतराव शिंदे व रघुजी भोसले यांच्या सैन्याला अडवण्याचे काम कर्नल स्टीव्हनसनकडे होते. डोंगरात घाट अनेक आणि फौज एक. प्रत्येक घाटावर तुकडी ठेवली तर प्रत्येक तुकडी दुबळी पडते आणि सारे बळ एका घाटावर एकवटले तर बाकीचे घाट मोकळे राहतात. मराठी घोडदळ तोफा व पायदळ मागे ठेवून घाट ओलांडून आले आणि स्टीव्हनसनला चुकवून जालन्याच्या बाजूला उतरले. डोंगराने त्यांना थांबवले नाही. त्याने फक्त त्यांच्या येण्याच्या वाटा मोजक्या केल्या.

६/ दुसरा नैसर्गिक अडसर गोदावरीचा होता. हे घोडदळ दक्षिणेला वळून निजामाच्या मुलुखात खोल शिरण्याचा संभव होता. आर्थर वेलस्लीने नदीकाठाने राक्षसभुवनाच्या दिशेने कूच करून ती वाट रोखली. त्याचा हिशेब ऋतूचा होता. पावसाळ्यात दख्खनच्या नद्या भरलेल्या असतात, तेव्हा घोडदळाला उतार मिळत नाही आणि नावांची सोय असलेल्या फौजेला मात्र नदी ओलांडता येते. म्हणून मराठ्यांशी मोहीम पावसाळ्यात सुरू करावी, असे त्याचे मत होते. तीच गोदावरी उन्हाळ्यात अनेक ठिकाणी पायी ओलांडता येते. वर्षातील काही महिनेच जी तटबंदी असते तिच्यावर राज्याचे संरक्षण सोपवता येत नाही, पण तिचे महिने ठाऊक असलेल्या सेनापतीला ती उपयोगी पडते.

७/ शिंदे-भोसल्यांची फौज पुन्हा उत्तरेकडे सरकली. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हनसन बदनापूरला भेटले आणि दोन वाटांनी पुढे निघाले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, असईजवळ केळणा नदीपलीकडे शिंदे-भोसल्यांची सारी फौज तळ देऊन असल्याचे वेलस्लीला दिसले. समोरचा उतार तोफांच्या माऱ्यात होता. वाटाड्यांनी दुसरा उतार नसल्याचे सांगितले. त्याला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. माणसे अशी समोरासमोर राहतात तेव्हा त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असतेच, असे अनुमान त्याने केले आणि ते खरे ठरले. भूगोल वाचणे म्हणजे नदी कोठे आहे हे पाहणे एवढेच नव्हे. लोक तिच्याशी कसे वागतात हेही त्यात वाचावे लागते. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूचे सुमारे दीड हजार लोक ठार वा जखमी झाले. शिंद्यांच्या तोफा हाती आल्या, पण लढाई स्वस्तात जिंकलेली नव्हती.

८/ लढाईपेक्षा तिच्यानंतरचे तह या विषयासाठी अधिक महत्त्वाचे आहेत. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क सोडला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याचा थोडा मुलुख तेवढा त्यांच्याकडे राहिला. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील, गोदावरीपर्यंतचा आपला मुलुख सोडला. त्यात जालन्याचा किल्ला व परगणाही होता. तेरा दिवसांच्या अंतराने एका नदीचे व एका डोंगराचे नाव कागदावर आले आणि ऐंशी वर्षांचा पट्टा रेषा झाला. हा मुलुख निजामाच्या पदरात पडला.

९/ इंग्रजांनी जिंकलेला मुलुख निजामाला का दिला? कटक व बालासोर त्यांनी देवगावच्या तहाने स्वतःकडे घेतले, कारण त्यामुळे बंगाल व मद्रास या दोन इलाख्यांमधला समुद्रकाठ सलग होत होता. वऱ्हाडबाबत हिशेब निराळा होता. नागपूर आणि ग्वाल्हेरच्या फौजा डोंगर आणि नदीपलीकडे राहिल्या की मधला मुलुख दुसऱ्याने सांभाळला तरी चालणार होते. प्रतिस्पर्धी आणि आपण यांच्यामध्ये तिसऱ्याची भूमी ठेवण्याच्या या युक्तीला आज बफर राज्य म्हणतात. पहिला आघात तिसऱ्याच्या अंगणात होतो. पहिले नुकसानही त्याचेच होते. १८०३-०४ मध्ये दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. पाऊस कमी होताच, पण ज्या मुलुखातून फौजा फिरल्या तेथे धान्य आणि बैल आधीच संपले होते.

१०/ येथे शब्दाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. बफर राज्य खऱ्या अर्थाने बफर असण्यासाठी दोन अटी आहेत. त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना जोखणाऱ्या सत्ता हव्यात आणि त्या राज्याला स्वतःचा निर्णय घेण्याइतके स्वातंत्र्य हवे. निजामाने दुसरी अट आधीच गमावली होती. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांकडून पराभव झाला तेव्हा इंग्रज तटस्थ राहिले. तो एकटेपणा पुन्हा वाट्याला येऊ नये म्हणून निजामाने १७९८ मध्ये आणि पुन्हा १८०० मध्ये तैनाती फौजेचे तह केले. फौजेच्या खर्चासाठी म्हैसूरच्या युद्धांतून मिळालेले बेल्लारी-कडप्प्याकडील जिल्हे कंपनीला देऊन टाकले आणि परराज्यांशी परस्पर बोलणी न करण्याचे बंधन पत्करले. ज्याचे परराष्ट्र धोरण दुसरा ठरवतो ते आश्रित राज्य असते.

११/ पहिली अट १८१८ मध्ये गेली. पेशवाई संपली, नागपूर व ग्वाल्हेर नमले आणि दख्खनमध्ये कंपनीला प्रतिस्पर्धी उरला नाही. ज्याच्या दोन्ही बाजूंना एकच सत्ता आहे त्या राज्याचा बफर म्हणून उपयोग संपतो. परंतु त्या उपयोगासाठी उभारलेली व्यवस्था संपली नाही. तैनाती फौजेखेरीज निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक वेगळी फौज वाढत गेली होती, जी पुढे हैदराबाद कंटिन्जंट या नावाने ओळखली गेली. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद, एलिचपूर येथे तिच्या छावण्या होत्या. बाहेरचा शत्रू नाहीसा झाल्यावर तिचे काम प्रामुख्याने अंतर्गत बंदोबस्ताचे राहिले. पगार मात्र चढत राहिला, थकबाकी साचली आणि थकबाकीचे कर्ज झाले.

१२/ २१ मे १८५३ च्या तहाने या कर्जाचा निकाल लागला. कंटिन्जंटच्या खर्चाची तरतूद म्हणून सुमारे ५० लाख रुपये वसुलीचे जिल्हे इंग्रजी व्यवस्थापनाकडे गेले : वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, वऱ्हाड राहिले. अर्धशतकापूर्वी ज्या प्रदेशाने निजामाच्या राज्याची उत्तर सरहद्द बळकट व्हायची होती, तोच प्रदेश त्या बळकटीच्या बिलापोटी हातचा गेला. लोणार इंग्रजांच्या कारभारात गेले, मंठा-परतूरचा भाग निजामाकडे राहिला आणि वाटूरच्या पुढे काही कोसांवर एक नवी सीमारेषा उभी राहिली. १८०३ च्या रेषा नदीने व डोंगराने आखल्या होत्या. ही नवी रेषा महसुलाच्या वहीने आखली. आजची जिल्ह्याची हद्द बव्हंशी तीच आहे.

१३/ अशी रेषा हळूहळू जमिनीतही उतरते. इंग्रजांकडे गेलेल्या वऱ्हाडातून १८६० च्या दशकात भुसावळ-नागपूर हा रुंद रुळांचा मार्ग धावू लागला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदराला पोहोचू लागला. निजामाच्या बाजूला परतूर-जालन्यावरून मनमाडला जाणारा मार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला आणि तो अरुंद मीटरगेजचा होता. मनमाडला माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके बसले. दोन्ही बाजूंना मराठीच बोलली जात होती आणि सोयरिकीही होत होत्या. पण कायदा, दरबारी भाषा आणि शाळा वेगळ्या झाल्या. भूगोलाने वेगळे न केलेले लोक कारभाराने तीन पिढ्यांत वेगळे होऊ शकतात, याचे हे उदाहरण आहे.

१४/ या कथेतील एक योगायोग विचार करायला लावणारा आहे. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादला गेला आणि त्याने निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी वऱ्हाडाचा प्रश्न मिटवला. वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. याच कर्झनने १९०७ मध्ये ऑक्सफर्डला ‘फ्रंटिअर्स’ या विषयावर व्याख्यान दिले. सीमांच्या अभ्यासात ते आजही वाचले जाते. नैसर्गिक व कृत्रिम सीमा, बफर राज्ये, संरक्षित राज्ये, प्रभावक्षेत्रे यांची मांडणी त्यात आहे. सीमा या विषयावर अधिकाराने बोलणाऱ्या त्या माणसाने पाच वर्षांपूर्वी एक सीमा वाटाघाटीने कायमची करून टाकली होती.

१५/ कर्झनच्या पिढीपुढे बफरचा नमुना म्हणून अफगाणिस्तान होता. १८९३ मध्ये ड्युरंड रेषा ठरली. १८९५ मध्ये रशिया व ब्रिटन यांच्यात पामीरबद्दल करार झाला आणि वाखानची लांबट, अरुंद पट्टी अफगाणिस्तानच्या पदरात घातली गेली. दोन साम्राज्यांच्या हद्दी एकमेकांना थेट भिडू नयेत, एवढाच तिचा उद्देश होता. अमीर अब्दुर रहमानलाही परराष्ट्र धोरणात इंग्रजांचे बंधन होते. तरीही त्याचे राज्य निजामासारखे आक्रसले नाही. त्याच्या एका बाजूला ब्रिटन होता तसा दुसऱ्या बाजूला रशिया टिकून होता, आणि दोघांनाही मधली जागा मोकळी हवी होती. निजामाच्या दुसऱ्या बाजूला १८१८ नंतर कोणीच उरले नाही. बफर राज्याचे आयुष्य त्याच्या पर्वतांपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांच्या परस्पर भीतीवर अधिक अवलंबून असते.

१६/ १९४७ मध्ये इंग्रज गेले तेव्हा हैदराबाद हे चारही बाजूंनी भारतीय संघराज्याने वेढलेले, समुद्रकिनारा नसलेले राज्य होते. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी होती, पण बेरार, म्हणजे वऱ्हाड, त्याच्या हाती नव्हते. निजामाने स्वतंत्र राहण्याचा आग्रह धरला आणि जी रेषा शंभर वर्षे शांत होती ती पुन्हा पट्टा झाली. वऱ्हाडातील उमरखेडसारख्या गावी, तसेच इतर सीमांवर, स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले. करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले. अलीकडे रझाकारांचा जाच वाढला, तशी कुटुंबे हद्द ओलांडून वऱ्हाडात आश्रयाला गेली. त्या काळात काही कोस चालून हद्दीपलीकडे पोहोचणे हा जिवाचा प्रश्न होता.

१७/ १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सर्व संपले, यात नवल नाही. ज्या राज्याच्या प्रत्येक सीमेपलीकडे एकच सत्ता आहे त्याला कोणत्या दिशेने हल्ला येईल हे ठरवता येत नाही, त्यामुळे कोठे एकवटायचे हेही ठरत नाही. १८०३ मध्ये स्टीव्हनसनसमोर घाटांचा जो प्रश्न होता तोच आता साऱ्या राज्यासमोर होता. फरक इतकाच की यावेळी निजामाच्या मदतीला कोणी वेलस्ली येणार नव्हता.

१८/ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि मंठा-लोणारमधली हद्द केवळ कारभाराची उरली. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर परतूर परभणी जिल्ह्यात होते. म्हणजे या भागाभोवतीच्या रेषा अगदी अलीकडेपर्यंत सरकत राहिल्या आहेत, फक्त त्या सरकण्याने आता कोणाला घर सोडावे लागत नाही.

१९/ वाटूरच्या फाट्यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की भूगोल राज्याच्या संरक्षणाचा विचार ठरवत नाही, तो त्या विचाराला प्रश्न पुरवतो. अजिंठ्याचा डोंगर शतकानुशतके तेथेच होता, पण तो निजामाची सीमा १८०३ मध्ये झाला, कारण त्या वर्षी दोन सत्तांना तो तसा सोयीचा वाटला. दुसरी अशी की मध्ये ठेवलेल्या भूमीवर माणसे राहतात. त्यांनी दोन सरकारांना सारा दिला, परक्या फौजेचा पगार दिला आणि शेवटी मुलांना कडेवर घेऊन हद्द ओलांडली. दिल्ली, काबूल किंवा कीव्हच्या नकाशावर बोट ठेवून कोणी एखाद्या प्रदेशाला बफर म्हणेल, तेव्हा त्या बोटाखाली कोणाची गावे आहेत आणि ती सारा कोणाला देतात, हे आधी विचारावे.

२०/ वाटूरहून लोणारला जाताना जिल्हा बदलल्याची पाटी लागते. बस तेथे थांबत नाही. ज्या हद्दीवर बस थांबत नाही, ती हद्द शांत झालेली असते.